नैराश्य आणि नाती : आयपीटी प्रत्यक्षात कशी करतात

इंटरपर्सनल थेरपीचं, म्हणजे आयपीटीचं, मूळ म्हणणं साधं आहे. डिप्रेशनची कारणं काहीही असोत, ते ज्या दिवसांत सुरू झालं त्या दिवसांत माणसाच्या नात्यांत बहुतेक वेळा काहीतरी हललेलं असतं. कुणीतरी गेलेलं असतं, कुणाशी तरी बिनसलेलं असतं, किंवा आयुष्यातली जागाच बदललेली असते. उपचार त्या हललेल्या जागी करायचा. बालपण उकरायचं नाही, विचारांच्या चुका शोधत बसायचं नाही. आत्ता, या घरात, या माणसांशी काय चाललंय, एवढंच धरायचं, आणि तेही ठरलेल्या मुदतीत. मुदत साधारण बारा ते सोळा आठवड्यांची, भेट आठवड्यातून एकदा.

जेराल्ड क्लेरमन आणि मर्ना वाइसमन यांनी अमेरिकेत ही पद्धत औषधांच्या एका चाचणीसाठी बांधली आणि 1984 साली तिचं सविस्तर पुस्तक काढलं. पुढे ती अशा ठिकाणी पोचली जिथे मानसोपचारतज्ज्ञ नावालाही नव्हते. युगांडातल्या मसाका आणि राकाई जिल्ह्यांत 2002 साली तिथल्याच माणसांना शिकवून त्यांच्याकरवी गटात आयपीटी दिली गेली आणि तिचा स्पष्ट उपयोग झाला. आपल्याकडे गोव्यात ‘संगत’ संस्थेच्या ‘मानस’ चाचणीत सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणि खासगी दवाखान्यांत प्रशिक्षित समुपदेशकांनी ती वापरली. तिथे ती टप्प्याटप्प्याच्या उपचारांचा एक भाग होती. 2010 साली आलेल्या निष्कर्षांत सरकारी केंद्रांतल्या रुग्णांना या उपचारांचा फायदा दिसला, खासगी दवाखान्यांत तसा दिसला नाही.

हा लेख मुख्यतः नव्या समुपदेशकांसाठी आहे, पण घरात कुणाची ही थेरपी चालू असेल तर त्यांनाही आत काय चालतं ते कळावं. त्यासाठी एकच केस शेवटपर्यंत नेतो. ती दोन-तीन जणींच्या हकिकती मिसळून तयार केली आहे.

सुलभाताई, वय 58. साताऱ्यात स्वतःचं घर, ब्लाउज शिवायचा छोटा व्यवसाय. दोन वर्षांपूर्वी यजमान हृदयविकारानं गेले. पाच महिन्यांपूर्वी नातवाला सांभाळायला मुलाकडे पुण्यात, हडपसरला आल्या. गेले तीन महिने पहाटे साडेतीनला जाग येते, जेवण जात नाही, टीव्हीवरच्या मालिकाही नकोशा झाल्यात, पाठ दुखते, आणि ‘मी यांच्या गळ्यात पडलेय’ हे वाक्य दिवसभर डोक्यात फिरतं. सुनेशी धड बोलणं नाही. मुलाचं निदान ठरलेलं: ‘बाबा गेल्यापासून आई सावरलीच नाही.’

म्हणजे आयपीटीत ज्यांवर काम करतात त्या तिन्ही गोष्टी, शोक, वाद आणि भूमिकेतला बदल, एकाच बाईत हजर आहेत. खरी केस बहुधा अशीच येते. चौथाही एक विभाग आहे, ज्यांना मुळात नातीच जमत नाहीत अशा एकाकी माणसांसाठी. पण आधीच्या तिघांतलं काहीच लागू पडत नसेल तरच तिकडे वळायचं.

पहिली भेट : आजाराला नाव देणं

आधी तपासणी. पीएचक्यू-9 ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली वापरा. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन गुण, एकूण 27. दहापासून मध्यम, पंधरापासून बऱ्यापैकी गंभीर, वीसपासून तीव्र. सुलभाताईंचे 17 आले. थायरॉईड, हिमोग्लोबिन आणि बी-12 तपासून घ्यायला सांगा, कारण या तिन्हींतला बिघाड डिप्रेशनसारखा दिसू शकतो. पूर्वी कधी झोप न घेताही अंगात प्रचंड उत्साह, वारेमाप खर्च, अखंड बडबड असे दिवस आले होते का, हेही विचारा. आले असतील, किंवा भास होत असतील, तर आधी मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवायचं. नुसत्या आयपीटीवर ती केस ठेवायची नाही.

नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे. तो कागदावर टिक करून घेऊन पुढे जाऊ नका, तोंडानं विचारा. सुलभाताई म्हणाल्या, ‘सकाळी उठलेच नाही तर बरं, असं वाटतं.’ पुढचा प्रश्न सरळ असतो: ‘स्वतः काही करून घ्यावं, असं मनात आलंय का? कसं, कधी, ते ठरवलंय का?’ त्यांनी ठरवलेलं नव्हतं. ठरवलेलं असतं तर थेरपी थांबवून घरच्यांना सोबत घेणं, गोळ्या-औषधं आणि धोक्याच्या वस्तू हाताशी राहू न देणं आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेणं एवढंच काम उरतं. टेली-मानसचा 14416 हा सरकारी मोफत क्रमांक रुग्णाच्या फोनमध्ये तिथल्या तिथे सेव्ह करून द्या.

मग आजाराचं नाव सांगायचं, तेही मुलगा-सून समोर असताना. ‘यांना डिप्रेशन झालंय. हा आजार आहे, त्यावर उपचार आहेत, आणि बहुतेक लोक यातून बरे होतात. झोप जाणं, भूक मरणं, आपण ओझं आहोत असं वाटणं ही या आजाराची लक्षणं आहेत.’ टायफॉईड झालेल्या माणसाकडून आपण पोळ्या लाटून घेत नाही, तशी काही दिवस काही कामांतून सूट द्यायची. पण बरं होण्यासाठी जे करायचं ते मात्र रुग्णानंच करायचं. हा भाग अनेक जण उरकून टाकतात. माझ्या मते पहिल्या भेटीतलं सगळ्यात जास्त औषध यातच आहे. ‘मन रमव’, ‘देवाचं काही कर’, ‘काय कमी आहे तुला’ हे ऐकून ऐकून माणूस आपल्यातच खोट आहे असं मानून बसलेला असतो. सुलभाताईंच्या सुनेनं तेव्हाच विचारलं, ‘म्हणजे त्या मुद्दाम जेवत नाहीत, असं नाही?’

दुसरी भेट : माणसांची यादी

इथे आयुष्यातली सगळी महत्त्वाची माणसं एकेक करून घ्यायची. कोऱ्या कागदावर मधे रुग्णाचं नाव, भोवती जवळ-लांब अशी वर्तुळं, आणि ‘कोण कुठे?’ असं विचारायचं. प्रत्येकाबद्दल थोडेच प्रश्न, पण नेमके: किती वेळा भेटता-बोलता? त्यांच्याकडून तुम्हाला काय हवं असतं, त्यांना तुमच्याकडून काय? ते मिळतं का? या नात्यात चांगलं काय, खुपतं काय? अलीकडे काही बदललंय का?

गेलेल्या माणसालाही यादीत घ्या. सुलभाताईंनी यजमानांबद्दल सहज सांगितलं: तापट होते, पण हिशोबाला चोख, शेवटची दोन वर्षं पथ्य पाळायचे नाहीत म्हणून भांडणं व्हायची. डोळे भरले, पण बोलणं अडलं नाही. कराडच्या बहिणीचं नाव त्यांनी बाहेरच्या वर्तुळात लिहिलं. विचारल्यावर कळलं की साताऱ्यात असताना रोज रात्री तासभर फोन चालायचा. आता का नाही? ‘हॉलमध्ये झोपते ना मी. सगळ्यांसमोर काय बोलू?’ हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मुलाबद्दल त्या भरभरून बोलल्या, सुनेबद्दल मात्र ‘चांगली आहे’ एवढंच. सगळ्यात कमी शब्द ज्याच्या वाट्याला येतात, त्या नावावर पुन्हा थांबायचं.

तिसरी भेट : कालरेषा, आणि एकाच विषयाची निवड

कागदावर आडवी रेघ मारा. वरच्या बाजूला घटना, खालच्या बाजूला लक्षणं, दोन्हींना तारखा किंवा निदान सण: ‘गणपतीत झोप लागत होती का? दिवाळीत?’ महिना आठवत नाही त्यांना सण आठवतो.

सुलभाताईंच्या रेघेवर असं दिसलं. यजमान गेल्यावर चार-पाच महिने वाईट गेले, पण वर्षश्राद्धाच्या आधीच शिवणकाम परत सुरू झालं होतं, भिशीही चालू होती, झोप ठीक होती. पुण्याला आल्यावर पहिले दोन महिने बरे गेले. मग साताऱ्याचं घर भाड्यानं दिलं गेलं आणि शिलाई मशीन एका ओळखीच्या बाईला देऊन टाकलं गेलं. झोप उडाली ती त्यानंतरच्या पंधरवड्यात.

म्हणजे मुलाचं निदान चुकलं होतं. हा शोक नव्हता, भूमिकेतला बदल होता: स्वतःच्या घराची मालकीण आणि कमावती बाई, इथपासून दुसऱ्याच्या घरातल्या आजीपर्यंत. सुनेशी असलेला तणावही त्याच बदलाचा एक भाग.

निवड करताना दोन चुका फार होतात. पहिली म्हणजे कुठल्याही गमावण्याला शोक म्हणणं. आयपीटीत शोक हा विभाग फक्त मृत्यूसाठी राखलेला आहे. घटस्फोट, निवृत्ती, आजारानं गेलेली ताकद, परदेशी गेलेलं मूल, हे सगळं बदलात मोडतं. दुसरी चूक, सगळेच विषय घेणं. एक घ्या, फार तर दोन. तीन घेतलेत तर चौदा आठवड्यांत एकही तडीस जात नाही.

मग हे रुग्णाला सलग, साध्या भाषेत सांगायचं: ‘तुम्हाला डिप्रेशन आहे, आणि मला वाटतं त्याचा संबंध साताऱ्याहून इथे येण्याशी आहे. तिथे तुमचं घर, तुमची कमाई, तुमच्या मैत्रिणी होत्या. ते सुटलं, आणि इथे तुमची जागा नेमकी काय ते अजून ठरलेलं नाही. पुढचे अकरा आठवडे आपण त्यावर काम करू. जागा सापडेल तसं मनही हलकं व्हायला हवं. पटतंय का तुम्हाला?’ शेवटचा प्रश्न खरोखर विचारा. नाही म्हणाल्या तर पुन्हा रेघेकडे जा. शेवटच्या भेटीची तारीखही आजच ठरवा.

मधल्या भेटी : जुनी जागा, नवी जागा

चौथीपासून प्रत्येक भेट एकाच प्रश्नानं सुरू होते: ‘गेल्या भेटीनंतर कसं गेलं?’ उत्तरात मूड आला, ‘बुधवारपासून फार वाईट’, तर विचारायचं: बुधवारी काय झालं? घटना आली, ‘सुनेच्या माहेरचे आले होते’, तर विचारायचं: त्या वेळी मनात काय झालं? मूड आणि घटना यांची गाठ दर आठवड्याला बांधत राहणं, हीच या पद्धतीची रोजची मेहनत. तीन-चार आठवड्यांनी रुग्ण स्वतःच ती बांधू लागतो.

बदलावर काम करताना आधी जुन्या भूमिकेला नीट निरोप द्यावा लागतो. सुलभाताईंचं सातारा पहिल्या दिवशी स्वर्ग होतं. घाई न करता विचारल्यावर दुसरी बाजूही आली: रात्री एकटीला भीती वाटायची, सणाला ताट एकटीचंच, दिवाळीच्या शिवणकामात कंबर मोडायची. नवी जागा तेव्हा नुसता तुरुंग होती. तिथेही नातवाचा लळा निघाला, आजारपणात कुणी सोबत आहे याचा दिलासा निघाला. चांगल्या बाजू तुम्ही सुचवू नका. तुम्ही सुचवलेली प्रत्येक चांगली बाजू हा रुग्णाला उपदेशच वाटतो.

मग प्रश्न येतो: जुन्यातलं नेमकं काय गेलं, आणि त्यातलं काय इथे परत उभं करता येईल? सुलभाताईंच्या बाबतीत ते फार ठोस निघालं. पैसे: रिक्षाला दोनशे रुपये लागले तरी मुलाकडे मागावे लागत. चावी: घराची चावी त्यांच्याकडे नव्हती. स्वयंपाकघर: तिथे त्यांचा शब्द नव्हता. आणि बहिणीचा फोन. ‘जागा नाही’ म्हणजे या चार गोष्टी. अशी यादी हातात आली नाही तोवर काम ढगातच चाललंय असं समजा.

एका संवादाची चिरफाड

पाचव्या भेटीत त्या म्हणाल्या, ‘रविवारी तिनं मला स्वयंपाकघरातून घालवून दिलं.’ या वाक्यावर सहानुभूती दाखवून पुढे जायचं नाही. प्रसंग शब्दाला शब्द उभा करून घ्यायचा. कोण कुठे उभं होतं? ती काय म्हणाली, तिच्याच शब्दांत? तुम्ही काय म्हणालात? तेव्हा मनात काय आलं? तिला ते कळलं असेल का? तुम्हाला हवं काय होतं?

घडलं होतं ते असं. सुलभाताई कणीक मळायला गेल्या. सून म्हणाली, ‘आई, राहू द्या, मी करते.’ त्या म्हणाल्या, ‘बरं,’ आणि खोलीत जाऊन पडल्या. रात्री जेवल्या नाहीत. विचारल्यावर ‘भूक नाही’ म्हणाल्या. बास, एवढंच. त्यांना ऐकू आलं होतं, ‘हात लावू नका.’ सुनेच्या मनात काय होतं, हे आपल्याला ठाऊक नाही आणि सुलभाताईंनाही नाही. तिला कदाचित वाटलं असेल, बाई आजारी आहेत, आराम करू दे. जे हवं होतं ते शब्दांत एकदाही आलं नाही. आलं ते न जेवण्यातून. आपल्या घरांत अबोला, भांड्यांचा आवाज आणि टोमणा या तीन भाषा इतक्या मुरलेल्या असतात की मागणी करणं हेच उद्धटपणाचं वाटतं.

म्हणून पुढची पायरी तालीम. आधी सुलभाताईंनी सून व्हायचं, मी सुलभाताई, मग उलट. त्यांचं पहिलं वाक्य आलं: ‘माझ्या हातचं तुम्हाला कुठे आवडतं आता!’ हा टोमणा. यात मागणी नाही, आरोप आहे. चार-पाच प्रयत्नांनंतर ठरलं ते हे: ‘दिवसभर काही केलं नाही की मला नकोसं वाटतं. सोमवार, बुधवार, शुक्रवार संध्याकाळचा स्वयंपाक मी करू का? तुला कसं सोयीचं पडेल?’ भावना स्वतःची, मागणी मोजता येईल अशी, आणि शेवटी समोरच्याला बोलायला जागा. वेळही ठरवली: ती ऑफिसातून दमून आल्या आल्या नाही, शनिवारी सकाळी, चहाला.

पुढच्या भेटीत कळलं, बिघडलं. सुलभाताई सुनेऐवजी मुलाशी बोलल्या. त्यानं जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं, ‘आजपासून तीन दिवस आई स्वयंपाक करेल.’ सून दोन दिवस गप्प. हे अपयश म्हणून सोडून द्यायचं नसतं. याचीच पुन्हा चिरफाड करायची. मुलाकरवी का? ‘ती तोंडावर नाही म्हणाली तर?’ मग त्या नकाराचीच तालीम केली: मी सून होऊन ‘नको’ म्हणालो, आणि त्यावर काय बोलायचं ते त्यांनी शोधलं. आठव्या आठवड्यात त्या थेट बोलल्या. सुनेनं दोन दिवस मान्य केले, तिसरा नाही. आणि म्हणाली, ‘मला वाटायचं तुम्हाला इथलं काहीच आवडत नाही.’ मशीन परत मिळालं नाही, पण सोसायटीतल्या दोघींचे ब्लाउज हातानं दुरुस्त करायला आले. चावी मिळाली. बहिणीचा फोन दुपारी, नातू झोपल्यावर. पीएचक्यू-9 दर दोन आठवड्यांनी भरून घेत होतो. आठव्या भेटीला 11 होता.

या टप्प्याला आकडा जागचा हलला नसेल तर वाट पाहत बसू नका. औषध जोडण्यासाठी मानसोपचारतज्ज्ञाचं मत घ्या. आयपीटी आणि औषधं एकत्र चालतात.

मुख्य विषय वाद असता तर

आधी वाद कुठल्या अवस्थेत आहे ते पाहा. दोघं अजून भांडतायत, म्हणजे काहीतरी बदलावं असं दोघांनाही वाटतंय; तिथे तापमान खाली आणून मागण्या स्पष्ट करायच्या. दोघं गप्प झालेत, एकाच घरात महिनोन्‌महिने कामापुरतं बोलतायत, तर ती कोंडी. तिथे काही काळ आवाज वाढू द्यावा लागतो, आणि तो वाढणार हे रुग्णाला आधीच सांगून ठेवायचं. तिसऱ्या अवस्थेत नातं संपल्यातच जमा असतं. मग काम उरतं ते बाहेर पडण्याचं आणि त्याचं दुःख करण्याचं.

नवे समुपदेशक कोंडीलाच शांतता समजतात. ओळखायचं कसं? ‘आता आमच्यात काही वाद नाही’ असं सांगताना रुग्णाचा चेहरा पाहा, आणि शेवटचं भांडण कधी झालं ते विचारा.

एक अट कडक आहे. घरात मारहाण किंवा धमकी असेल तर ‘स्पष्ट बोला’ची तालीम करायची नाही, त्या तालमीनं बाई संकटात सापडू शकते. तिथे आधी सुरक्षितता: जायला जागा, सोबतीला माणूस, कायदेशीर मदत.

मुख्य विषय शोक असता तर

माणूस गेल्यावर रडणं, झोप न लागणं हा आजार नव्हे, त्यावर थेरपी लागत नाही. शोक अडकतो तेव्हा खुणा वेगळ्या असतात: गेलेल्याचं नाव घेणंच टाळलं जातं, खोली वर्षभर जशीच्या तशी ठेवलेली असते, तो माणूस निर्दोष देव झालेला असतो, किंवा दर वर्षी त्याच तिथीच्या आसपास लक्षणं उसळतात. कोविडच्या 2020-21 या काळात गेलेल्यांच्या घरी हे पाहायला मिळालं. अनेकांना शेवटचं दर्शन नाही, खांदा देता आला नाही, भेटायला येणारी माणसं नाहीत.

इथे काम सावकाश होतं. मृत्यूची हकिकत क्रमानं सांगायला लावायची: आजार कसा कळला, दवाखाना, शेवटचा फोन, बातमी कुणी दिली, त्यानंतरचे दहा दिवस. मग नात्याची पूर्ण हकिकत, राग आणि अपराधीपणासकट. फोटो आणायला सांगा. बोलणं जिथे अडतं तिथे ते उघडतात. ‘ते गेले तेव्हा क्षणभर सुटल्यासारखं वाटलं’ हे वाक्य आठव्या-नवव्या भेटीत आलं तर दचकू नका. बहुधा त्याच्याचसाठी सगळं अडलेलं असतं. ते बाहेर पडल्यावरच नव्या माणसांकडे, नव्या कामाकडे वळायचं. आधी ‘बाहेर पडा, मन रमवा’ म्हणालात तर तुमच्यात आणि शेजाऱ्यांच्यात फरक राहत नाही.

शेवटच्या तीन भेटी

थेरपी संपतेय हे बाराव्या भेटीत उघड बोलायचं. त्याचं वाईट वाटणं म्हणजे आजार परतला असं नव्हे, हा फरक रुग्णाला समजावून सांगावा लागतो. सुलभाताईंनाही त्या आठवड्यात दोन रात्री झोप लागली नाही आणि त्या घाबरल्या. तिसऱ्या रात्री लागली.

मग काय बदललं आणि ते कुणी केलं, हे त्यांच्याच तोंडून काढायचं. श्रेय तुमच्याकडे येऊ देऊ नका, कारण उद्या तुम्ही तिथे नसणार. परतीच्या खुणा लिहून घ्यायच्या. त्यांच्या होत्या पहाटेची जाग, बहिणीचा फोन टाळणं, आणि ‘भूक नाही’. यांतल्या दोन खुणा पंधरा दिवस टिकल्या तर फोन करायचा. हा कागद सुनेलाही दाखवला गेला. चौदाव्या भेटीला गुण 6 होते. ज्यांना डिप्रेशनचे झटके पूर्वीही येऊन गेलेत त्यांना महिन्यातून एक भेट पुढे चालू ठेवणं शहाणपणाचं.

आणि उतार पडलाच नाही तर? तेही सरळ सांगायचं: ‘तुम्ही मेहनत केलीत, हा उपचार पुरेसा पडला नाही. दुसरे आहेत.’ दुसरं औषध, दुसरी थेरपी, निदानाची फेरतपासणी. कुणाकडे पाठवताय, त्या डॉक्टरांचं नाव आणि भेटीची वेळ रुग्ण उठायच्या आधी कागदावर लिहून द्या.